अभियांत्रिकी यंत्रभाषांतर : इंग्रजी–मराठी वाक्यजोड्यांवरील प्रशिक्षण

तयार भाषांतर-मॉडेलला अभियांत्रिकी मजकुरातील इंग्रजी वाक्ये आणि त्यांची मराठी भाषांतरे जोडीजोडीने देऊन त्या क्षेत्रासाठी आणखी शिकवण्याची पद्धत. मॉडेल मुळापासून घडवायला पुरतील इतक्या तांत्रिक जोड्या मराठीत सहसा हाती नसतात. म्हणून मेटाचे एनएलएलबी-200 (2022) किंवा एआयफॉरभारतचे इंडिकट्रान्स2 (2023) यांसारखे बहुभाषिक मॉडेल पायाला घेतात.

खरी मेहनत प्रशिक्षणाआधी असते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या दोन्ही आवृत्त्यांतून वाक्ये काढून ती क्रमाने जुळवतात. भाषांतरात एखादे वाक्य गळले, किंवा पीडीएफमधला तक्ता एकाच बाजूने उतरला, की पुढची सगळी रांग एका घराने सरकते :

```
Tighten the bolts to 25 N·m. | झडप बंद करा.
Close the valve.             | पंप सुरू करा.
```

इथली मराठी निर्दोष असल्यामुळे नुसती मराठी बाजू वाचून दोष कळत नाही. अशा जोड्या वाढल्या की मॉडेल मूळ वाक्यात नसलेल्या सूचना सफाईदार मराठीत देऊ लागते, आणि तांत्रिक मजकुरात याहून घातक दोष नाही. तो पकडायला आकडे फार उपयोगी पडतात, कारण मापे भाषांतरात सहसा तशीच राहतात. देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून दोन्ही बाजू ताडल्या, की पहिल्या ओळीतला 25 एकाकी सापडतो. दुसऱ्या ओळीत आकडाच नाही, त्यामुळे ती या चाळणीतून निसटते. म्हणून सापडलेली ओळ वगळून थांबू नये. तिच्या मागचा-पुढचा पूर्ण भाग पुन्हा जुळवावा.

मराठीत आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : U+0931 आणि हलन्त, किंवा U+0930, हलन्त आणि U+200D. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द ठरतात. प्रशिक्षणापूर्वी सर्वत्र एकच रूप करून घ्यावे लागते.

चाचणीसाठी सुटी वाक्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडू नयेत. पुस्तिकांत त्याच सूचना वारंवार येतात. प्रशिक्षणात पाहिलेलीच वाक्ये चाचणीत आली की गुण फुगतात. एक अख्खी पुस्तिका बाजूला ठेवणे हाच योग्य मार्ग.

गुण मोजताना ब्लू हे माप पूर्ण शब्द ताडते. ‘झडपेचा’ऐवजी ‘झडपेच्या’ आले तर त्या शब्दाला काहीच श्रेय मिळत नाही. अक्षरगट ताडणारे सीएचआरएफ हे माप विभक्तिप्रत्ययांच्या मराठीला अधिक न्याय देते. तरीही ‘आवळा’ऐवजी ‘सैल करा’ आल्यास लांब वाक्याचे गुण फारसे घटत नाहीत, त्यामुळे त्या विषयाच्या जाणकाराने निवडक वाक्ये मुळाशी ताडून वाचणे आवश्यकच असते.

केवळ पुस्तिकांवर फार काळ शिकवलेले मॉडेल साधी, गप्पांतली वाक्येही आज्ञार्थी करू लागू शकते. त्यासाठी प्रशिक्षणात सामान्य वाक्यजोड्या मिसळतात आणि सामान्य मजकुराची वेगळी चाचणी घेतात. तिचे गुण घसरू लागले की प्रशिक्षण तिथेच थांबवतात.