पॉवरलाइन अडॅप्टरचा वेग कुठे अडतो?

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतून वायफाय पलीकडे जात नाही, किंवा रो-हाउसच्या वरच्या मजल्यावर केबल न्यायला वाटच नाही. अशा घरांसाठी आम्ही पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी देतो. एक राउटरजवळ, दुसरा कामाच्या खोलीत, आणि मधली वाट घरातल्या विजेच्या तारांची. बसवायला सोपं आहे. पण नंतर दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "खोक्यावर 600 लिहिलंय, आणि मला 10 सुद्धा मिळत नाहीत."

अशा वेळी आमचा पहिला प्रश्न असतो, अडॅप्टर कशात लावला आहे? उत्तर बहुधा "एक्स्टेंशन बोर्डात" असंच येतं. कृपया हे करू नका. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. हे अडॅप्टर तारेवर साधारण 2 मेगाहर्ट्झच्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडतात. स्पाइक गार्डच्या आतले भाग आणि फिल्टर नेमका असाच सिग्नल गोंगाट समजून दाबतात. साध्या बोर्डात फिल्टर नसला तरी अडॅप्टरच्या शेजारीच मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर असतात, आणि ते त्याच तारेवर स्वतःचा गोंगाट टाकतात.

कर्वेनगरच्या एका रो-हाउसमधलं उदाहरण सांगतो. खाली राउटर, 200 एमबीपीएसचा प्लॅन, वर मुलीची अभ्यासाची खोली, आणि 600 वर्गातली जोडी. वरचा अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये होता, त्यातच कॉम्प्युटरचा यूपीएस आणि चार्जर. लॅपटॉप केबलने अडॅप्टरला जोडून मोजलं तर 11 एमबीपीएस. अडॅप्टर भिंतीत लावल्यावर 54. मग स्पाइक गार्डच अडॅप्टरवरच पुढच्या बाजूला असलेल्या सॉकेटमध्ये लावला. ज्या मॉडेलला हे सॉकेट असतं त्यात आतच फिल्टर असतो, त्यामुळे चार्जरचा गोंगाट तारेपर्यंत फारसा पोचत नाही. आकडा 78 वर गेला. एक रुपयाचंही नवं सामान लागलं नाही.

"मग 200 का नाहीत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. खोक्यावरचा 600 हा तारेवरचा कच्चा वेग आहे. त्यातला बराच भाग चुका दुरुस्त करण्यात आणि अडॅप्टरांच्या आपसातल्या निरोपांत जातो. शिवाय जाणारा आणि येणारा डेटा एकच तार आळीपाळीने वापरतो. तिसरा अडॅप्टर लावलात तर तोही त्यातच वाटेकरी. आणि 600 वर्गातल्या पुष्कळ अडॅप्टरांचं लॅन पोर्ट मुळात 100 एमबीपीएसचंच असतं, म्हणजे तार कितीही चांगली असली तरी 95 च्या आसपास गाडी थांबणार. त्यांच्या ऑनलाइन क्लासला 78 पुरत होते, म्हणून आम्ही महागडी जोडी सुचवली नाही.

गिगाबिट पोर्टची 1200 वर्गातली जोडी आमच्याकडे आहे, पण ती घेण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. यातली बरीच मॉडेलं फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही सिग्नलसाठी वापरतात. जुन्या घरात सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे दोनच तारा. मग जास्तीच्या पैशांचा पूर्ण फायदा मिळत नाही.

काही घरांत मात्र आम्ही जोडी विकतच नाही. थ्री-फेज मीटर असेल आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर सिग्नल डीबीपाशी, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डापाशी, एका फेजवरून दुसऱ्यावर जेमतेम झिरपतो. कधी काम भागतं, कधी जोडणी सारखी तुटते. एका खोलीचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तरी असाच घोळ होऊ शकतो. हे फोनवर कळत नाही.

म्हणूनच आम्ही जोडी देण्याआधी घरी येऊन मोजतो आणि त्याचे पैसे घेतो. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे आम्हालाही माहीत आहे. पण आम्ही आमची जोडी तुमच्याच सॉकेटमध्ये लावून, केबलने, संध्याकाळी दिवे-पंखे चालू असताना आकडा दाखवतो. दुपारी शांत घरात मोजलेला वेग रात्री टिकतोच असं नाही. जोडी घेतलीत तर भेटीचे पैसे बिलातून वजा होतात. वेग पुरेसा नसेल तर तसं स्पष्ट सांगतो, आणि केबलसाठी दुसरी वाट निघते का तेही बघतो.

आधीच घेतलेल्या जोडीबद्दल फोन करणार असाल, तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: दोन्ही अडॅप्टर कुठल्या सॉकेटमध्ये आहेत, मीटर सिंगल फेज की थ्री फेज, आणि केबलने मोजलेला वेग. वायफायवर मोजलेला आकडा सांगू नका, त्यावरून दोष तारेचा की वायफायचा हे आम्हाला ओळखता येत नाही.