‘मानवी तस्करी’ हा एक शब्द आणि त्यातले दोन गुन्हे

२१ डिसेंबर २०२३ रोजी फुजैराहून निकारागुआला निघालेलं एक विमान इंधन भरायला फ्रान्समधल्या व्हात्री विमानतळावर उतरलं आणि तिथेच अडकलं. आत ३०३ प्रवासी होते, बहुतेक सगळे भारतीय. फ्रेंच यंत्रणेने ‘मानवी तस्करी’च्या संशयावरून चौकशी सुरू केली. २६ डिसेंबरच्या पहाटे त्यातले २७६ जण मुंबईत परत उतरले, आणि पत्रकारांशी बोलायला बहुतेकांची तयारी नव्हती. या माणसांना कुणी विकत होतं, की अमेरिकेपर्यंत पोचवायचे पैसे त्यांनीच एजंटला मोजले होते? आपल्या बातम्यांत दोन्हींना ‘मानवी तस्करी’च म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी मात्र २००० साली मानवी व्यापार आणि चोरटी वाहतूक असे हे दोन गुन्हे वेगळे केले, आणि त्यांचे पूर्वज मुळातच वेगळे आहेत.

पहिला धागा जुना आहे. वेश्याव्यवसायासाठी युरोपातल्या मुलींना परदेशी नेलं जातं, या चिंतेतून १९०४ मध्ये एक करार झाला, १९१० मध्ये दुसरा आणि १९४९ मध्ये मोठा करार. त्या करारांचं लक्ष वेश्याव्यवसायाभोवतीच फिरत राहिलं. भारताचा १९५६ चा कायदाही त्याच मुशीतला, आजचा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणजे ‘पीटा’. शेतावर, भट्टीवर किंवा घरकामाला जुंपलेला माणूस या चौकटीत जवळजवळ दिसतच नव्हता.

दुसरा धागा बोटींचा. जून १९९३ मध्ये ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर रुतलं. त्यातले २८६ चिनी प्रवासी पैसे देऊन निघालेले होते आणि १० जण दगावले. १९९६ च्या नाताळात माल्टा आणि सिसिलीच्या दरम्यान एका छोट्या बोटीत कोंबलेले सुमारे २८० लोक बुडाले. ते भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेचे होते. ऑस्ट्रिया आणि इटलीने अशा चोरट्या वाहतुकीविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायद्याचा आग्रह धरला. अर्जेंटिनाला मुलांच्या व्यापारावर करार हवा होता, अमेरिकेला स्त्रिया आणि मुलांच्या. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९९८ मध्ये नेमलेल्या समितीसमोर व्हिएन्नात हे सगळं एकत्र आलं. १५ नोव्हेंबर २००० रोजी संघटित गुन्हेगारीविरोधी मुख्य करार आणि मानवी व्यापार व चोरटी वाहतूक यांवरचे दोन पूरक करार आमसभेत मंजूर झाले आणि डिसेंबरमध्ये इटलीतल्या पालेर्मोत सह्या झाल्या.

मानवी व्यापाराच्या व्याख्येत तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माणसाला मिळवणं, नेणं किंवा ठेवणं ही कृती. जबरदस्ती, फसवणूक किंवा त्याच्या अगतिकतेचा गैरफायदा हा मार्ग. आणि शोषण हा हेतू. मार्ग सिद्ध झाला की ‘तो राजी होता’ हा बचाव चालत नाही, आणि १८ वर्षांखालील मूल असेल तर मार्ग सिद्ध करण्याचीही गरज नाही. देशाने आपल्या कायद्यात हा गुन्हा लिहिताना सीमा ओलांडल्याची अट घालायची नाही. चोरटी वाहतूक वेगळी: पैशासाठी दुसऱ्या देशात बेकायदा घुसवून देणं. इथे सीमा हवीच, शोषण नसलं तरी चालतं.

म्हणजे खोटं सांगून वीटभट्टीवर आणलेलं आणि उचल फिटेपर्यंत कोंडून राबवलेलं कुटुंब जिल्ह्याबाहेर गेलं नसेल, तरी तो मानवी व्यापारच. पंजाबातून ‘डंकी’ने, म्हणजे देशोदेशीच्या चोरवाटांनी निघालेला मुलगा एजंटचं गिऱ्हाईक असतो. पण वाटेत त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि वाढीव पैशांसाठी त्याला कामाला जुंपलं, तर तोच मुलगा पीडित होतो. सीमेवर गिऱ्हाईक आणि पीडित सारखेच दिसतात. फरक पुढे कळतो. मुक्कामी पोचवल्यावर एजंटचा संबंध संपला, की त्या माणसाच्या श्रमांतून कुणाची कमाई चालूच राहिली? पहिल्याच रात्री सीमा पोलिसांनी पकडलं, तर हे कळायच्या आतच त्याला घुसखोर ठरवतात.

इथेच मला या विभागणीची खरी किंमत दिसते. मानवी व्यापाराच्या करारात पीडितासाठी निवारा, उपचार आणि काही काळ राहू देण्याची तरतूद आहे, तीही ‘शक्य तिथे’ अशा सैल भाषेत. चोरट्या वाहतुकीच्या करारात परत पाठवण्यावर भर आहे. केवळ नेला गेला म्हणून स्थलांतरितावर खटला भरू नये असं तोही सांगतो, पण बेकायदा प्रवेशाचा स्वतंत्र गुन्हा लावायला मोकळीक ठेवतो. एका शब्दावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

भारताने दोन्ही करार मे २०११ मध्ये स्वीकारले. मानवी व्यापाराची व्याख्या दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये २०१३ साली आली. आज ती न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, पण जबरी मजुरीचा थेट उल्लेख तिच्यात नाही. डंकीच्या एजंटांवर मात्र बहुतेकदा फसवणूक, बनावट कागदपत्रं किंवा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याची कलमं लावून काम चालवलं जातं.