कोसाइन साम्य (दस्तऐवजांमधील)

दोन मजकुरांमध्ये कोणते शब्द कोणत्या प्रमाणात येतात, हे ताडून ते एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारे माप. शब्दसंग्रहातला प्रत्येक शब्द हा एक अक्ष मानतात. मजकुरात तो शब्द किती वेळा आला, ती संख्या त्या अक्षावर मांडतात. अशा रीतीने प्रत्येक मजकुराचा एक सदिश तयार होतो. दोन सदिशांमधल्या कोनाची कोज्या म्हणजे त्यांचे कोसाइन साम्य. ही मांडणी माहितीशोधात रुजवण्याचे मोठे श्रेय कॉर्नेल विद्यापीठातील जेरार्ड सॉल्टन यांच्या ‘स्मार्ट’ प्रणालीला आणि १९७५ साली त्यांनी वाँग व यांग यांच्यासह लिहिलेल्या लेखाला जाते.

```
cos(A, B) = (A · B) / (|A| |B|)
```

अंशस्थानी संगत घटकांच्या गुणाकारांची बेरीज असते आणि छेदस्थानी दोन्ही सदिशांच्या लांब्यांचा गुणाकार. शब्दांच्या संख्या ऋण नसल्यामुळे उत्तर ० ते १ यांच्या दरम्यान येते. एकही शब्द सामाईक नसेल तर ०, आणि शब्दांचे प्रमाण तंतोतंत सारखे असेल तर १. रिकाम्या मजकुराची लांबी शून्य असल्याने त्याचे साम्य काढताच येत नाही; तो आधीच बाजूला काढावा लागतो.

सरळ रेषेतले अंतर मजकुराला का मानवत नाही, ते एका लहान उदाहरणात दिसते. पाऊस, धरण आणि ऊस हे तीनच शब्द मोजू. ‘क’ ही पावसाची छोटी बातमी आहे: (२, १, ०). ‘ख’ हा त्याच विषयावरचा लांब लेख: (२०, १२, १). ‘ग’ ही ऊसलागवडीची छोटी बातमी: (०, १, २). क आणि ख यांच्यातले सरळ अंतर √४४६, म्हणजे सुमारे २१.१ येते, क आणि ग यांच्यातले √८, म्हणजे २.८. या हिशेबाने पावसाच्या बातमीला पावसाचा लेख दूरचा आणि उसाची बातमी जवळची ठरते. कोसाइन साम्य मात्र क-ख साठी ५२ ÷ (२.२३६ × २३.३४५) = ०.९९६ आणि क-ग साठी १ ÷ ५ = ०.२ येते. वाचणाऱ्याचा कौलही हाच असेल.

दोष अंतराच्या सूत्रात नाही. लेख दहापट लांबला की त्यातली प्रत्येक संख्या साधारण दहापट होते, आणि सरळ अंतर ती वाढच मोजत बसते. छोटे मजकूर सगळे आरंभबिंदूजवळ गोळा होतात, म्हणून विषय कितीही वेगळे असले तरी एकमेकांचे शेजारी ठरतात. कोसाइन लांबीने भागून टाकते आणि फक्त दिशा, म्हणजे शब्दांचे आपसांतले प्रमाण, शिल्लक ठेवते. सर्व सदिशांची लांबी आधीच १ करून घेतली, तर सरळ अंतर वापरले तरी जवळ-दूरचा क्रम तोच लागतो, कारण तेव्हा अंतराचा वर्ग = २ − २ × कोसाइन. वरच्या उदाहरणात असे केल्यावर क-ख अंतर ०.०९ आणि क-ग अंतर १.२६ होते.

लांबी पुसून टाकण्याची किंमतही आहे. चार शब्दांच्या मजकुरात शोधाचे दोन शब्द असले की त्याला फार वरचे गुण मिळतात. सिंघल, बकली आणि मित्रा यांनी १९९६ मध्ये दाखवले, की कोसाइनने भागल्यास छोटे दस्तऐवज त्यांच्या वाजवी वाट्यापेक्षा जास्त वेळा वर येतात. त्यांनी भाजक थोडा सौम्य करण्याचा उपाय सुचवला. ‘आणि’, ‘आहे’ यांसारखे शब्दही सगळ्यांचेच साम्य फुगवतात, म्हणून दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देऊन मगच कोन काढावा.

मराठीत खरी अडचण बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच, शब्द तोडताना उद्भवते. ‘पाऊस’, ‘पावसाचा’, ‘पावसाने’ हे तीन वेगळे अक्ष धरले जातात आणि साम्य नाहक घटते. प्रत्यय काढून मूळ रूप मोजणे हा त्यावरचा उपाय. त्याहून घातक चूक पायथॉनच्या `scikit-learn` मध्ये घडते. तिथला मूळ नमुना `(?u)\b\w\w+\b` काना-मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘पाऊस’ कान्यापाशी तुटतो, एकटा ‘प’ गळतो आणि उरतो ‘ऊस’. ‘धरण’ मात्र शाबूत राहते. परिणामी वरच्या क आणि ग या दोन्ही बातम्यांत ‘ऊस’ दोनदा आणि ‘धरण’ एकदा मोजले जाते, आणि त्यांचे साम्य ०.२ ऐवजी थेट १ येते. संगणक कोणतीही तक्रार करत नाही, म्हणून `get_feature_names_out()` ने शब्दयादी छापून डोळ्यांखालून घालावी. तुटके तुकडे दिसले तर नमुना बदलावा:

```python
TfidfVectorizer(
    token_pattern=r"[\u0900-\u0963\u0966-\u097F]+")
```

हा नमुना मात्रा शब्दातच ठेवतो आणि दंड वगळतो. रोमन लिपीतले शब्द मात्र तो टाकून देतो. मिश्र मजकूर असेल तर त्यांची वेगळी सोय करावी लागते.