पुण्यातला ५जी दोन वाटांनी का आला, आणि फोन घेताना त्याचा किती विचार करावा

नोव्हेंबर २०२२ मध्ये जिओचं ५जी पुण्यात आलं तेव्हा ५जी म्हणूनच विकलेल्या कितीतरी फोनवर ते दिसत नव्हतं. आयफोनवाल्यांना डिसेंबरमधल्या आयओएस १६.२ अपडेटची वाट पाहावी लागली. अँड्रॉइडच्या अनेक मॉडेल्सनाही कंपनीकडून अपडेट आल्यावरच जिओचं ५जी मिळालं. फोनमध्ये बिघाड नव्हता. जिओने ४जीचा आधार न घेणारं स्टँडअलोन ५जी उभारलं होतं, एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारं नॉन-स्टँडअलोन, आणि फोनला या दोन्ही पद्धती वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात.

या दोन पद्धतींचं मूळ २०१७ सालात आहे. मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेत तेव्हा ५जीचं काम चालू होतं. संपूर्ण ५जी म्हणजे नवा रेडिओ आणि त्यामागे नवा कोअर. कोअर म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणारी, कॉल आणि डेटा योग्य ठिकाणी पोचवणारी मध्यवर्ती यंत्रणा. हे सगळं एकदम ठरवायला वेळ लागणार होता आणि मोठ्या कंपन्यांना २०१९ मध्येच सेवा सुरू करायची होती. म्हणून मार्च २०१७ मध्ये ठरलं की आधी फक्त नवा रेडिओ मानकात बसवायचा आणि कोअर ४जीचाच ठेवायचा. हे नॉन-स्टँडअलोन मानक डिसेंबर २०१७ मध्ये तयार झालं, स्टँडअलोन जून २०१८ मध्ये. दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेलं ५जी पहिल्या प्रकारचं होतं. अमेरिकेत टी-मोबाईलने देशभर स्टँडअलोन सुरू केलं ते ऑगस्ट २०२० मध्ये.

नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन आधी ४जी टॉवरशी जोडला जातो. नोंदणी, कॉल, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणं, हा सगळा कारभार ४जीच पाहतं. ५जीचा रेडिओ डेटासाठी वरून जोडला जातो. म्हणजे फोन एकाच वेळी दोन रेडिओ चालवतो. याचा एक परिणाम कोपऱ्यातल्या चिन्हावरही दिसतो. ४जी टॉवर आपल्या प्रसारणात ‘इथे ५जी आहे’ असा इशारा पाठवू शकतो आणि तेवढ्यावर फोन ५जीचं चिन्ह लावू शकतो, मग डेटा त्या क्षणी ४जीवरूनच का जात असेना. चिन्ह आहे पण वेग नाही, ही तक्रार यातून बऱ्यापैकी उलगडते.

स्टँडअलोनमध्ये ४जीची गरज नाही, पण मग आधारही नाही. ही अडचण मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते. भारतात ५जीचा मुख्य बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, n78 आहे, ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा. टॉवरकडून येणारा सिग्नल जोरदार असतो, पण फोन परत पाठवतो ती ताकद साधारण एक पंचमांश वॅट. शिवाय या बँडमध्ये पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून होतं, आणि पाठवण्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. त्यामुळे नारायण पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये फोनला टॉवर ऐकू येतो, पण फोनचं टॉवरला ऐकू जात नाही. नॉन-स्टँडअलोनमध्ये अशा वेळी पाठवण्याचं काम ४जीवर ढकलता येतं. स्टँडअलोनमध्ये ती सोय नसते, म्हणून भिंतींतून आत पोचणारा, कमी फ्रिक्वेन्सीचा एखादा ५जी बँड हवाच.

जुलै-ऑगस्ट २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात जिओने नेमकं हेच केलं. ७०० मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे n28, देशभरात १० मेगाहर्ट्झ एवढा घेतला. त्याची किंमत ३९,२७० कोटी रुपये. एअरटेलने तो घेतला नाही. त्याच्याकडे कमी फ्रिक्वेन्सीचे ४जी बँड आधीच होते आणि नॉन-स्टँडअलोनवर त्यांचा आधार आयता मिळत होता. शिवाय बाजारातले बहुतेक ५जी फोन तिथे चालत होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी सयुक्तिक होते. व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५ मध्ये मुंबईत सुरुवात केली तीही नॉन-स्टँडअलोननेच.

स्टँडअलोनचा नवा कोअर जिथे खरोखर उपयोगी पडतो ती जागा पुणेकरांनी पाहिलेली आहे. १९ सप्टेंबर २०२३ ला जिओ एअरफायबर पहिल्या आठ शहरांत सुरू झालं, त्यात पुणं होतं. एकाच टॉवरवर घरगुती ब्रॉडबँडचा वाटा वेगळा राखणं, म्हणजे स्लायसिंग, नव्या कोअरमुळे शक्य होतं. पुढे एअरटेलनेही घरच्या वायरलेस ब्रॉडबँडसाठी स्टँडअलोनकडे पावलं टाकली. हातातल्या फोनवर व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र या स्लायसिंगचा आज फारसा फरक जाणवत नाही.

मग आज फोन घेणाऱ्याने काय करावं? नवा घेत असाल तर ‘एसए की एनएसए’, म्हणजे स्टँडअलोन की नॉन-स्टँडअलोन, हा प्रश्न सोडून द्या, आताचे फोन दोन्ही शिकूनच येतात. त्याऐवजी बँडची यादी वाचा. n28 आणि n78 दोन्ही हवेत. त्यापुढचा प्रश्न दुकानदार सांगणार नाही, तरी तो विचारण्यासारखा आहे: हे दोन बँड फोन एकत्र वापरू शकतो का? याला कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. ते जमत नसेल तर घरात आत गेल्यावर फोन नुसत्या n28 वर येतो. १० मेगाहर्ट्झमध्ये नेहमीच्या दोन अँटेनांनी कागदावर जास्तीत जास्त ११० एमबीपीएसच्या आसपास मिळतात, आणि तेही त्या भागातल्या सगळ्यांत वाटून. बाहेर गॅलरीत n78 वर काही शे एमबीपीएस दाखवणारा फोन आतल्या खोलीत तेच ५जी चिन्ह ठेवून ४जीपेक्षा हळू चालतो, तो यामुळेच.

जुना फोन घेताना मात्र नीट पाहा, खास करून २०१९ ते २०२१ मधला किंवा परदेशातून आलेला. सुरुवातीच्या काही मोडेमना स्टँडअलोन येतच नव्हतं, काही फोनमध्ये ५जीचे मोजकेच बँड होते, आणि काहींना भारतातल्या नेटवर्कसाठीचं अपडेट कधी आलंच नाही. समजा बुधवार पेठेत असा एखादा अँड्रॉइड फोन हातात आला. पैसे देण्याआधी आपलं जिओ सिम घाला, दुकानाबाहेर मोकळ्यावर या आणि डायल करा:

```
*#*#4636#*#*
```

बऱ्याच फोनमध्ये याने माहितीचा पडदा उघडतो. डेटा नेटवर्कच्या ओळीत `NR` दिसलं तर स्टँडअलोन चालू आहे. तिथे `LTE` आणि खाली `NR State` समोर `CONNECTED` असेल तर ते नॉन-स्टँडअलोन. एअरटेलच्या सिमवर हे दिसलं तर ठीक आहे. जिओच्या सिमवर, आजूबाजूच्या इतर फोनवर ५जी असताना, नुसतंच `LTE` राहिलं तर आधी सेटिंगमध्ये ५जी चालू आहे ना आणि सॉफ्टवेअर ताजं आहे ना ते बघा. तरीही तेच राहिलं तर जिओवाल्यासाठी तो ४जी फोन आहे, आणि किंमतही त्याच हिशेबाने ठरवावी.

एक चाचणी अजून करा. `NR` दिसत असताना एक कॉल लावा. ५जीवरूनच बोलण्याची सोय, म्हणजे व्होएनआर, त्या फोनला मिळाली असेल तर चिन्ह तसंच राहतं. नसेल तर कॉलपुरता फोन ४जीवर उतरतो आणि ठेवल्यावर परत वर जातो. आवाज दोन्हीकडे चांगलाच येतो. पण हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून हिंजवडीच्या वाटेवर मीटिंग करणाऱ्याला, मध्येच फोन आला की तो उतार जाणवतो.