भूतकालार्थी वर्तमानकाळ (मथळे आणि धावते समालोचन)

घडून गेलेली घटना वर्तमानकाळी क्रियापदाने सांगण्याची पद्धत. कथनातल्या अशा प्रयोगाला मराठी व्याकरणांत ‘ऐतिहासिक वर्तमानकाळ’ म्हणतात (‘महाराज भेटीला निघतात, खान शामियान्यात वाट पाहतो’). इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि खेळाच्या इंग्रजी समालोचनात हा काळ नेहमीचा आहे. मराठीत मात्र या दोन्ही ठिकाणी तो जपून येतो. मुंबईच्या वृत्तपत्रांत इंग्रजी वृत्तसंस्थांचा मजकूर रोज मराठीत उतरवला जातो, त्यामुळे हा फरक तिथल्या उपसंपादकाच्या टेबलावर सतत समोर येतो.

फरकाचे मूळ दोन्ही काळांच्या रूपांच्या इतिहासात आहे. संस्कृतात वर्तमानकाळाचे रूप भूतकाळासाठी वापरण्याची सोय होतीच. पाणिनीच्या ‘लट् स्मे’ (3.2.118) या सूत्राने ‘स्म’ जोडलेले वर्तमान भूतार्थी ठरते आणि ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’ (3.3.131) या सूत्राने वर्तमानाला लागून असलेल्या भूत-भविष्यासाठीही वर्तमानाची रूपे विकल्पाने चालतात. मराठीत पुढे जुन्या वर्तमानाची जागाच बदलली. ज्ञानेश्वरीत (शके 1212) ‘करी’, ‘जाय’ ही रूपे वर्तमानकाळी आहेत. आज ‘तो रोज दादरला उतरे’ म्हटले की ती गतकाळातली सवय ठरते, म्हणजे रीतिभूतकाळ. आजचा ‘करतो’ हा वर्तमानकालवाचक धातुसाधितातून आलेला, तुलनेने नवा प्रकार आहे. ‘आहे’ न लावता तो एकटा आला, तर त्यातून प्रथम सवयीचा, नाहीतर लवकरच होणाऱ्या गोष्टीचा अर्थ निघतो (‘उद्या मी पुण्याला जातो’).

भूतकाळातल्या ‘ल’विषयी अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या मताप्रमाणे संस्कृत ‘गत’, ‘कृत’ यांतल्या ‘त’चाच ध्वनिबदल होऊन ‘ल’ झाला. दुसऱ्या मताप्रमाणे तो प्राकृतातील ‘-इल्ल’, ‘-अल्ल’ या स्वतंत्र प्रत्ययातून आला आणि मूळ धातुसाधिताला मागाहून जोडला गेला. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण ‘पहिला’, ‘आतला’ अशा क्रियापदाशी संबंध नसलेल्या शब्दांतही तोच प्रत्यय दिसतो. मत कोणतेही घेतले तरी एक गोष्ट कायम राहते: ‘केला’ हे मुळात विशेषणासारखे रूप आहे. म्हणून सकर्मक क्रियापद कर्माशी जुळते आणि कर्ता ‘ने’ लावून बाजूला उभा राहतो. ‘रामेण फलं खादितम्’ आणि ‘रामाने फळ खाल्ले’ यांची ठेवण एकच आहे.

मराठी मथळा उभा आहे तो याच ठेवणीवर. क्रियापद कर्माशी बांधलेले असल्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. ‘न्यायालयाने जामीन फेटाळला’ यातून जागेअभावी ‘न्यायालयाने’ काढले तर उरलेला ‘जामीन फेटाळला’ हा मजकूर व्याकरणशुद्धच राहतो. इंग्रजी मथळ्याला आखूडपणा आणि ताजेपणा वर्तमानकाळातून मिळतो. मराठीला ते दोन्ही साध्या भूतकाळातच मिळतात, नाहीतर क्रियापदाशिवाय: ‘कुर्ल्यात रुळांवर पाणी, लोकल विस्कळीत’. पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी सहायक क्रियापदाविना ‘-णार’ पुरतो: ‘रविवारी मेगाब्लॉक, धीम्या लोकल जलद मार्गावर धावणार’.

शब्दशः भाषांतरात चूक होते ती इथेच. ‘न्यायालय जामीन फेटाळते’ असा मथळा केला की न्यायालयाची ती रीतच आहे, असा अर्थ होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्यात ‘नेहमी’ घालून पाहावे. ‘न्यायालय नेहमी जामीन फेटाळते’ हे सहज बसते, म्हणजे वाचक मूळ मथळाही तसाच वाचणार. ‘न्यायालयाने नेहमी जामीन फेटाळला’ यात मात्र ‘नेहमी’ लगेच खटकतो, कारण ते रूप एका घटनेचे आहे.

साध्या भूतकाळाची एक अडचण मात्र आहे. मथळ्यात ‘आहे’ आणि ‘होता’ दोन्ही गळतात, त्यामुळे ‘हार्बरची वाहतूक थांबली’ एवढ्यावरून गाड्या अजून उभ्या आहेत की सुरू झाल्या, हे कळत नाही. तो निवाडा बातमीच्या पहिल्या वाक्याने करायचा असतो. ‘वाहतूक थांबली आहे’ म्हणजे परिणाम अजून चालू आहे. ‘थांबली होती’ म्हणजे ती नंतर सुरू झाली. पावसाच्या दिवशी बातमी तासातासाला सुधारली जाते. नवा मजकूर वर जोडला जातो आणि खालच्या परिच्छेदातला जुना ‘आहे’ तसाच राहतो. मग एकाच बातमीत गाड्या सुरूही असतात आणि बंदही. म्हणून वाहतूक पूर्ववत झाल्याचे कळले की आधी प्रत्येक ‘आहे’ तपासावा, मगच मथळ्याला हात लावावा.

धावत्या समालोचनात घटना आणि बोलणे यांत अंतर जवळजवळ नसते, तरी मराठी समालोचक सगळे वर्तमानात सांगत नाही. घटना किती वेळ टिकते, यावर रूप ठरते. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना धोनीच्या षटकाराने संपला. 49व्या षटकातला तो दुसरा चेंडू नमुन्यादाखल मराठीत असा सांगता येईल: ‘कुलसेखरा धावत येतोय... चेंडू टाकला... धोनीने उचलला... चेंडू उंच, लाँग ऑनवरून... षटकार!’ धाव घेणे काही क्षण चालते, म्हणून ‘येतोय’ (येतो आहे). चेंडू टाकणे आणि बॅट लागणे निमिषात संपते. शब्द उच्चारेपर्यंत ते होऊन गेलेले असते, म्हणून ‘टाकला’, ‘उचलला’. चेंडू हवेत असताना क्रियापदच नाही, कारण निकाल लागायचा आहे. हा भूतकाळ जुन्या घटनेचा नाही. नुकतेच घडलेले सांगण्याचे कामही मराठीत तोच करतो, इतकेच नव्हे तर ‘थांब, आलोच’ यात तो न घडलेल्या क्रियेलाही चालतो. ‘कुलसेखरा चेंडू टाकतो, धोनी मारतो’ अशी इंग्रजी वळणाची रूपेही ऐकू येतात. आकाशवाणीवर एकट्या आवाजाने मैदान उभे करायचे असते. तिथे ती सलग आली तर आता काय चालले आहे आणि काय होऊन गेले, हे श्रोत्याला वेगळे करता येत नाही.

कबड्डीत चढाई 30 सेकंदांची असते, म्हणून तिथे ‘शिरतोय’, ‘हुलकावणी देतोय’ अशी रूपे लांबत जातात आणि ‘पकड!’ या एका नामावर तुटतात.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात हाच चेंडू असा येतो: ‘विजयासाठी चार धावा हव्या होत्या. कुलसेखराच्या दुसऱ्या चेंडूवर धोनीने षटकार मारला आणि भारताने सहा गडी राखून सामना जिंकला.’ ‘हव्या होत्या’ने पार्श्वभूमी मागे जाते, ‘मारला’, ‘जिंकला’ यांनी घटना क्रमाने पुढे सरकतात. समालोचनातला ‘उचलला’ आणि इथला ‘मारला’ ही रूपे एकाच काळाची. पहिल्याचा वेळ ऐकणाऱ्याच्या ‘आत्ता’वरून मोजला जातो, दुसऱ्याचा आधीच्या वाक्यावरून.

छायाचित्राखालच्या ओळीत मराठी वर्तमानकाळ सहसा टाळते. तिथे ‘-ताना’ वापरतात: ‘विजयानंतर मैदानाला फेरी मारताना भारतीय खेळाडू’.