डीएफएचे लघुतमीकरण : तक्ता भरण्याची पद्धत

डिटरमिनिस्टिक फायनाइट ऑटोमेटन, म्हणजेच डीएफए, तीच भाषा ओळखत राहील पण त्यातील अवस्था कमीत कमी उरतील अशा रीतीने त्याची पुनर्रचना करणे याला लघुतमीकरण म्हणतात. तक्ता भरण्याच्या पद्धतीत प्रत्येक दोन अवस्थांच्या जोडीसाठी एक चौकट आखतात, ज्या जोडीतील अवस्था वेगळ्या असल्याचे सिद्ध होते तिच्या चौकटीत फुली मारतात आणि शेवटी फुलीवाचून राहिलेल्या जोड्या एकत्र करतात. एखादी अक्षरमाला एका अवस्थेपासून वाचल्यास स्वीकारली जाते आणि दुसरीपासून वाचल्यास नाकारली जाते, असे असेल तर त्या दोन अवस्था भिन्न ठरतात. अशी एकही अक्षरमाला नसेल तर त्या अभेद्य, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला एकसारख्याच.

सुरुवातीच्या अवस्थेपासून जिथे पोहोचताच येत नाही अशा अवस्था आधी काढून टाकाव्या लागतात. ही पायरी विसरली तर तक्ता बिनचूक भरूनही उत्तर चुकते, कारण तशी अवस्था इतर सर्वांहून भिन्न निघाली तर तिच्यावर फुल्या पडतात आणि ती नव्या यंत्रात तशीच राहते. शिवाय प्रत्येक अवस्थेतून प्रत्येक अक्षरासाठी एक बाण असलाच पाहिजे. नसेल तिथे तो एका मृत, म्हणजे जिथून पुढे काहीही वाचले तरी स्वीकार होत नाही अशा, अवस्थेकडे वळवून घ्यावा.

001 ने संपणाऱ्या अक्षरमाला स्वीकारणारे पुढील यंत्र घेऊ. यात क ही प्रारंभिक आणि छ ही एकमेव स्वीकारार्ह अवस्था आहे.

```
अवस्था   0   1
क        ख   घ
ख        ग   क
ग        ग   छ
घ        च   क
च        ग   घ
छ        च   क
```

सहा अवस्थांच्या 15 जोड्या होतात. रिकामी अक्षरमालाच छ ला इतर पाचांपासून वेगळी करते, म्हणून आरंभीच 5 फुल्या पडतात. त्यानंतर प्रत्येक फेरीत, अजून फुली न पडलेल्या जोडीतील दोन्ही अवस्था एकाच अक्षरावर कुठे जातात ते पाहायचे आणि त्या पोहोचलेल्या जोडीवर आधीच्या फेऱ्यांत फुली पडली असेल तर या जोडीवरही मारायची. पहिल्या फेरीत ग उघडी पडते: 1 वाचल्यावर ती छ कडे जाते, तर क, ख, घ आणि च यांपैकी एकही जात नाही; म्हणून कग, खग, गघ आणि गच या चार जोड्या बाद होतात.

दुसऱ्या फेरीत कख पाहा. 1 वर या दोघी घ आणि क कडे जातात व तिथे फुली नाही, पण 0 वर ख आणि ग कडे जातात आणि खग वर नुकतीच फुली पडली आहे. याच कारणाने कच, खघ आणि घच याही जोड्या भिन्न ठरतात, आणि त्यांना वेगळे करणारी अक्षरमाला 01 आहे. पहिल्या फेरीनंतर कुणी हात थांबवला असता तर क आणि ख एकत्र होऊन यंत्राची भाषाच बदलली असती; एक पूर्ण फेरी नवी फुली न पडता गेली, तरच काम संपले असे धरता येते.

आता उरल्या कघ आणि खच. कघ ही जोडी 0 वर खच कडे आणि 1 वर परत स्वतःकडेच जाते. खच मधील दोघी 0 वर ग मध्ये एक होतात आणि 1 वर कघ कडे येतात. दोन्ही जोड्या एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि इथे शिकणारा हमखास अडखळतो: एकीचा निकाल दुसरीवर आणि दुसरीचा पहिलीवर, मग निर्णय कसा करायचा? पण त्या भिन्न असत्या तर त्यांना वेगळे करणारी सर्वांत लहान अक्षरमाला असती, तिचे पहिले अक्षर वाचताच याहून लहान अक्षरमालेने वेगळी होणारी जोडी समोर आली असती, आणि असे उतरत उतरत शेवटी एक स्वीकारार्ह व एक अस्वीकारार्ह अशी जोडी गाठली असती. या वर्तुळातून तसा मार्ग बाहेर निघतच नाही. म्हणून फुली न मारणे हाच योग्य निर्णय आहे.

क व घ, तसेच ख व च एकत्र केल्यावर चार अवस्था उरतात. क चा गट प्रारंभिक होतो, छ स्वीकारार्ह राहते, आणि एखाद्या अक्षरासाठी गटातील कोणत्याही अवस्थेचा बाण घेतला तरी तो एकाच गटाकडे जातो. इथे दोन बाण वेगवेगळ्या गटांकडे जाताना दिसले, तर तक्त्यात फुली राहून गेली आहे असे ओळखावे. मायहिल–नेरोड प्रमेयानुसार असे लघुतम यंत्र, अवस्थांची नावे सोडल्यास, एकमेव असते.

फेऱ्या शिस्तीने मोजल्या तर फुली कितव्या फेरीत पडली यावरून वेगळे करणाऱ्या सर्वांत लहान अक्षरमालेची लांबीही कळते. पद्धतीची अडचण जागेची आहे: n अवस्थांसाठी n(n−1)/2 चौकटी लागतात, म्हणजे 1000 अवस्थांना 4,99,500. जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी 1971 मध्ये मांडलेली रीत जोड्यांऐवजी अवस्थांचे गट फोडत जाते आणि वर्णमाला ठरावीक असताना n log n च्या प्रमाणात वेळ घेते. नॉनडिटरमिनिस्टिक यंत्राला मात्र हा तक्ता लावून लघुतम यंत्र मिळेलच असे नाही, कारण तिथे एका अक्षरावर अनेक बाण निघू शकतात आणि लघुतम यंत्र एकमेवही नसते.