उघड्या डोळ्यांवर आखलेली रेघ

अमळनेरला मावसबहिणीच्या हळदीचा दिवस होता. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कूलरची घरघर, आणि नवरी आरशासमोर रडकुंडीला आलेली. तीनदा आयलायनर लावलं, तिन्ही वेळा डोळे उघडले की रेघ गायब. "मना डोया झोपेल दिखतस," असं ती अहिराणीत म्हणाली. लायनर चांगल्यातलं होतं आणि हातही स्थिर होता. चूक एवढीच की रेघ डोळे मिटून आखली जात होती.

तिच्या डोळ्यांत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. भुवईखालची त्वचा सैल घडीसारखी वरच्या पापणीवर उतरलेली, त्यामुळे डोळा उघडा असताना पापणीची जेमतेम दोन मिलिमीटर पट्टी दिसायची. अशा डोळ्यांना पार्लरमध्ये हूडेड म्हणतात. शिवाय डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा जरा खाली. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा किंचित वर असतो, म्हणून तो खाली असला की चेहरा थकलेला वाटतो. मिटलेल्या पापणीवर चार मिलिमीटर जाड रेघ ओढली, तर डोळा उघडताच ती निम्मी घडीखाली जाते. उरते ती काळी किनार, आणि तिच्यामुळे आधीच अरुंद असलेली पट्टी आणखी अरुंद दिसते.

मग आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आरसा डोळ्यांच्या पातळीवर धरला, नजर समोर, हनुवटी सरळ. इथे एक गंमत होते: आरशात पाहताना आपण नकळत भुवया उचलतो. कपाळाचा स्नायू घडी वर ओढतो, आणि त्या क्षणापुरती पापणी मोकळी दिसते. तेव्हा घेतलेलं माप चेहरा सैल पडल्यावर चुकतं. म्हणून तिला आधी कपाळ ढिलं सोडायला सांगितलं. बोटाने त्वचा ताणायचीही नाही. ताणून काढलेली रेघ बोट सोडल्यावर वाकडी होते.

डोळा उघडाच ठेवून बाहेरच्या कोपऱ्याच्या थोडं पुढे आणि वर एक ठिपका दिला. तो आतल्या कोपऱ्याच्या उंचीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर हवा, कारण डोळ्याचा कल आपल्याला गडद रेघेच्या दोन टोकांवरून कळतो. शेवटचं टोक वर असलं की डोळाही वर वळल्यासारखा भासतो. त्या ठिपक्यापासून रेघ मागे आणली ती खाली झुकलेल्या कोपऱ्याकडे न नेता, त्याच्या अलीकडेच, बुबुळाच्या बाहेरच्या कडेजवळ पापणीच्या केसांना टेकवली. झुकलेला कोपरा तसाच मोकळा सोडला. पुढे नाकाकडे फक्त केसांच्या मुळांशी बारीक रेघ. डोळा उघडा असताना रेघ घडीवरून सरळ जाताना दिसली. डोळा मिटल्यावर तीत एक खाच पडलेली होती. तेवढी भरून घेतली. मिटलेल्या डोळ्यावर हा आकार वटवाघळाच्या पंखासारखा विचित्र दिसतो. नवरीने मान खाली घातलेल्या फोटोत तो उघडा पडणारच, म्हणून खाचेच्या कडा तपकिरी शेडने पुसट केल्या.

आता डोळा मोठा दिसण्याचं. १८६५ साली बेल्जियमच्या जोसेफ डेलबफ यांनी एक दृष्टिभ्रम मांडला. वर्तुळाभोवती अगदी जवळून दुसरं वर्तुळ काढलं, तर आतलं वर्तुळ आहे त्याहून मोठं वाटतं. बाहेरचं वर्तुळ फार मोठं केलं, तर तेच आतलं उलट लहान वाटू लागतं. पापणीच्या केसांना चिकटलेली बारीक रेघ पहिल्या प्रकारात मोडते. डोळा आणि रेघ मिळून एकच आकार वाटतो, आणि डोळा त्या मापाचा भासतो. आपल्याकडे नवरीला वरखाली भरपूर काजळ घालायची हौस असते, माझ्या आजीला तर त्याशिवाय नवरी नवरी वाटतच नसे. पण खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर गडद काजळ भरलं की ती उजळ कड नाहीशी होते आणि डोळा जणू चौकटीत कोंडला जातो. काजळ खालून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत नेलं, तर खाली झुकलेला कल अधोरेखित होतो तो वेगळाच. म्हणून खाली आम्ही मधल्या भागात फक्त पुसट सावली ठेवली.

शेवटचा शत्रू घाम. घडीची त्वचा पापणीवर टेकलेली असल्याने तेल आणि घाम तिथे साचतो आणि लायनरचा शिक्का वरच्या त्वचेवर उमटतो. खान्देशात मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे साधी पेन्सिल तासाभरात उतरते. पापणी कोरडी करून पावडरचा हलका हात, त्यावर वॉटरप्रूफ लिक्विड लायनर, आणि वाळेपर्यंत डोळे अर्धवट मिटून नजर खाली. अर्ध्या मिनिटाने वर पाहिलं तर शिक्का पडत नाही. पडलाच, तर तो कोरड्या इअरबडने उचलायचा. पाणी लावलं की काळं पसरतं.

मात्र एका डोळ्याची पापणी अचानक खाली उतरली, किंवा सोबत एकाऐवजी दोन दिसू लागलं, तर ते लायनरचं काम नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

हळद दुपारी लागली. संध्याकाळी डाव्या डोळ्याच्या घडीवर एक तांबूस-काळा ठिपका उमटला होता, उजवा मात्र कोरा. डाव्या बाजूला पावडर लावायची राहून गेली होती.